ओळख नसताना मार्गदर्शक शोधणं : नागपुरातलं एक प्रकरण

उपग्रहाच्या चित्रांवरून शेती, माती, पाणी यांचे नकाशे करण्याचं काम शिकायचं असेल, तर नागपूरइतकं सोयीचं शहर महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. व्हीएनआयटीच्या आवारात महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आहे, ते १९८८ मध्ये सुरू झालं. अमरावती रोडवर राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरोचं मुख्यालय आहे, इस्रोचं प्रादेशिक केंद्र आहे, लिंबूवर्गीय फळांची संशोधन संस्था आहे. वर्धा रोडकडे कापूस संशोधन संस्था. पण ज्याच्या घरात, गावात किंवा कॉलेजात या कामातलं कुणीच नाही, त्याला या सगळ्या इमारती बसच्या खिडकीतून दिसतात तेवढ्याच. आत कुणाला भेटायचं, काय विचारायचं, आणि विचारलेलं चालेल का, हे सांगणारं कुणी नसतं.

मी नागपुरात याच क्षेत्रात खासगी सल्लागार म्हणून काम करते. पिकांचे नकाशे करणं हा माझा रोजचा उद्योग. पुढचं प्रकरण काटोल तालुक्यातल्या एका मुलीचं आहे. तिने पाठवलेले मेल, मेसेज आणि नकाशे मी पाहिले आहेत आणि तिच्या परवानगीनेच लिहिते आहे. तिचं नाव आणि गाव इथे देत नाही.

तिचे वडील शेतकरी, चार-पाच एकरांत संत्र्याची बाग. तिचं एम. ए. भूगोल झालेलं. त्यानंतर नागपुरात खोली करून तिने एका खासगी क्लासमधून जीआयएसचा, म्हणजे संगणकावर नकाशे करण्याच्या तंत्राचा, काही महिन्यांचा कोर्स केला. क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर तिला बऱ्यापैकी वापरता येत होतं. पुढे काय, हे मात्र कुणाला विचारावं ते कळत नव्हतं. कॉलेजातले सर भूगोल चांगला शिकवत, पण या क्षेत्रात नोकऱ्या कशा निघतात याची त्यांना कल्पना नव्हती. क्लासवाल्यांना पुढच्या बॅचमध्ये रस होता.

पहिले मेसेज आणि त्यांचं काय झालं

तिने लिंक्डइनवर खातं उघडलं, 'नागपूर' आणि 'जीआयएस' टाकून माणसं शोधली आणि मोठ्या हुद्द्यांपासून सुरुवात करून एकच मजकूर सगळ्यांना पाठवला. 'आदरणीय सर, माझे एम. ए. भूगोल झाले आहे. मला जीआयएसमध्ये करिअर करायचे आहे. कृपया मार्गदर्शन करावे.' बहुतेकांकडून उत्तर आलं नाही. दोघांनी 'ऑल द बेस्ट' लिहिलं. एकाने रेझ्युमे मागवला आणि पुढे काही कळवलं नाही.

असे मेसेज माझ्याकडेही येतात, म्हणून पलीकडच्या माणसाच्या बाजूने सांगते. त्यात उद्धटपणा काहीच नाही. अडचण अशी की त्याला उत्तर देता येत नाही. 'मार्गदर्शन करावे' याला उत्तर द्यायचं तर आधी मलाच विचारावं लागतं: तुला काय येतं, नोकरी हवी की शिक्षण, शेतीकडे कल आहे की खाणींकडे की शहर नियोजनाकडे, नागपूर सोडायची तयारी आहे का? म्हणजे पहिला अर्धा तास तिच्या वतीने मीच विचार करायचा, तोही जिला कधी पाहिलेलं नाही अशा व्यक्तीसाठी. कामाच्या गडबडीत माणूस 'नंतर सविस्तर लिहू' म्हणून तो मेसेज बाजूला ठेवतो, आणि ते नंतर कधी येत नाही. मोठ्या हुद्द्यावर हे आणखी वाढतं. सरकारी संस्थेतल्या वरिष्ठ शास्त्रज्ञाला 'मार्गदर्शन' या शब्दात नोकरीची विनंती दिसते, आणि तिथली भरती जाहिरातीशिवाय होत नसल्याने गप्प राहणं त्याला सुरक्षित वाटतं.

तिने यातून एवढंच ताडलं, की हुद्दा पाहून माणूस निवडणं उपयोगाचं नाही. तर मग कसा निवडायचा?

ऋणनिर्देशाचं पान

इथे तिने जे केलं ते मी दुसऱ्या कुणालाही करताना पाहिलं नव्हतं. शोधगंगा हे पीएच. डी. प्रबंधांचं खुलं भांडार आहे. देशभरातली विद्यापीठं तिथे प्रबंध ठेवतात आणि ते फुकट उतरवता येतात. बहुतेक प्रबंध वेगवेगळ्या फायलींत विभागलेले असतात. तिने विदर्भातल्या पिकांवर आणि भूवापरावर उपग्रहचित्रांनी काम केलेले प्रबंध शोधले, आणि त्यातली ऋणनिर्देशाची पानं आधी वाचली.

गाईड, विभागप्रमुख, आई-वडील ही नावं तर प्रत्येकात असतातच. त्यांच्या खालच्या परिच्छेदात खरी माहिती असते. 'डेटाच्या प्रक्रियेत अमुक यांनी वेळोवेळी मदत केली', 'क्षेत्रभेटींत तमुक सोबत होते', असं तिथे लिहिलेलं असतं. ही कागदोपत्री गाईड नसलेली, तरीही कुणासाठी तरी वेळ काढलेली माणसं. एकच नाव दोन-तीन वेगवेगळ्या प्रबंधांत दिसलं, तर त्या माणसाला शिकवायला आवडतं असं समजायला हरकत नाही. हुद्दा पाहून शोधलं असतं तर यातली काही नावं तिला सापडलीच नसती. कुणी तांत्रिक अधिकारी होतं, कुणी कंत्राटी प्रकल्प सहायक.

शिवाय प्रबंध लिहिणारे स्वतःही होतेच. नुकतीच पीएच. डी. झालेला किंवा प्रकल्पावर दोन-तीन वर्षं काम केलेला माणूस पहिल्या भेटीसाठी वरिष्ठ शास्त्रज्ञापेक्षा बरा, असं माझं ठाम मत आहे. तो ज्या दारातून आत गेला ते दार त्याला अजून आठवतं: जाहिरात कुठे लागली, मुलाखतीत काय विचारलं, पगार किती महिने उशिरा आला. वीस वर्षांपूर्वी नोकरीला लागलेल्याला हे सांगता येत नाही, कारण ते दार आता तसं राहिलेलं नाही.

शोधनिबंधांतूनही असाच माग लागतो. पहिल्या पानावर ज्या लेखकाच्या नावापुढे चांदणी असते त्याचा ईमेल खाली दिलेला असतो, आणि तो पत्रव्यवहारासाठीच दिलेला असतो. त्या पत्त्यावर त्या निबंधाविषयी प्रश्न विचारणं ही आगंतुकी ठरत नाही.

विचारण्याजोगा प्रश्न तयार करणं

नावं मिळाली, पण त्यांना विचारायचं काय? तिने पुन्हा 'मार्गदर्शन करावे' लिहिलं असतं तर पुन्हा तेच झालं असतं. म्हणून तिने आधी एक छोटं काम हाती घेतलं: आपल्या गावातल्या संत्र्याच्या बागांचा नकाशा.

सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची चित्रं फुकट मिळतात आणि त्यात जमिनीवरचा १० मीटर बाय १० मीटरचा तुकडा म्हणजे एक ठिपका असतो. हिरवं, निरोगी पान लाल प्रकाश शोषून घेतं आणि डोळ्यांना न दिसणारा जवळचा अवरक्त प्रकाश परत फेकतं. या दोहोंच्या फरकावरून हिरवेपणाचा निर्देशांक काढतात, त्याला एनडीव्हीआय म्हणतात. तिचा विचार साधा होता. मे महिन्यात सोयाबीन, कापूस, तूर, हरभरा, काहीच वावरात उभं नसतं. हिरवी राहते ती ओलिताची बाग. तेव्हा मेच्या चित्रात जिथे एनडीव्हीआय जास्त, तिथे संत्रा.

नकाशा झाला. मग सुट्टीत घरी जाऊन वडिलांसोबत ती मोटारसायकलवर फिरली आणि ४० ठिकाणी मोबाइलच्या जीपीएसवर नोंद घेतली. ३१ ठिकाणी नकाशा बरोबर निघाला. ६ ठिकाणी नकाशा बाग म्हणत होता, पण प्रत्यक्षात नाल्याकाठची बाभूळ होती किंवा उन्हाळी भुईमूग. ३ ठिकाणी उलट झालं: बाग होती आणि नकाशात नव्हती.

आता तिच्याजवळ विचारण्यासारखं काही होतं. काम जिथे अडलं, तोच तिचा प्रश्न झाला. तिने एका प्रबंधाच्या लेखकाला लिहिलं, त्याने दोन ओळींत उत्तर देऊन 'हे तुम्ही यांना विचारा' म्हणत तिला माझ्याकडे पाठवलं. मला आलेला मेल सोप्या इंग्रजीत होता. तो मराठीत असा:

'मॅडम, तुमचा पत्ता मला अमुक यांनी दिला. मी काटोल तालुक्यातल्या आमच्या गावातील संत्र्याच्या बागांचा नकाशा मे महिन्याच्या सेंटिनेल-२ चित्रावरून केला. ४० ठिकाणी जाऊन पाहिले, ३१ बरोबर आली. ६ ठिकाणी बाभूळ आणि भुईमूग बाग म्हणून आले. ३ बागा सुटल्या, त्या तीन वर्षांच्या आतल्या आहेत. एकाच तारखेच्या चित्रावरून हे वेगळे करता येते का, की आणखी तारखा घ्याव्यात? नकाशा जोडला आहे. फोनवर पंधरा मिनिटे मिळाली तर बरे होईल. नाही तर मेलवर एक ओळही पुरेशी आहे.'

या मेलमध्ये काय काय आहे ते पाहा. कुणाकडून आली ते सांगितलं आहे. काय केलं आणि कुठे अडलं ते आकड्यांत आहे, चुकाही लपवलेल्या नाहीत. प्रश्न एकच आहे आणि त्याला उत्तर आहे. किती वेळ मागते तेही लिहिलं आहे, आणि नाही म्हणायची वाटही ठेवली आहे. नोकरीचा शब्द कुठेच नाही. मी त्याच संध्याकाळी उत्तर दिलं आणि ऑफिसला बोलावलं.

भाषेविषयी एक गोष्ट इथेच सांगते. नागपुरातल्या केंद्रीय संस्थांत देशभरातली माणसं आहेत, त्यामुळे मेल साध्या इंग्रजीत आणि बोलणं हिंदीत, ही इथली रीत आहे. वाक्यं छोटी असली तरी चालतं. तिने सुरुवातीला इंटरनेटवरून उचललेली जड इंग्रजी वाक्यं वापरली होती. ती काढून टाकल्यावर तिचे मेल वाचणं सोपं झालं.

भेट

भेटीआधी तिच्या वडिलांचा फोन आला. 'ऑफिस कुठं हाय, मॅडम? पोरगी एकटीच येऊन राह्यली.' मी पत्ता आणि वेळ दिली. परक्या माणसाला भेटायला जाणाऱ्या मुलीच्या घरी हा प्रश्न येणारच, आणि तो यावा. पहिली भेट दिवसा, ऑफिसात किंवा विद्यापीठाच्या विभागात ठेवावी. ज्याला एवढंही अडचणीचं वाटतं, त्याच्याकडे शिकायला जाऊ नये.

लॅपटॉपवर नकाशा उघडून आम्ही एकेक चूक पाहिली. नव्या बागा का सुटतात ते सोपं होतं. संत्र्याची झाडं साधारण सहा-सहा मीटरवर लावतात. लहान झाडाचा घेर कमी, मधली माती जास्त, आणि १० मीटरच्या ठिपक्यात मातीच जिंकते. त्याला सध्या इलाज नाही. नकाशाखाली तसं लिहावं. भुईमुगासाठी मी तिला नोव्हेंबर ते मेपर्यंतची निरभ्र चित्रं घेऊन प्रत्येक ठिपक्याचा सर्वांत कमी एनडीव्हीआय पाहायला सांगितलं. हंगामी पीक कधी ना कधी जमिनीवरून जातं, बाग जात नाही.

ती थोडं थांबली आणि म्हणाली, 'पण मॅडम, डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे आंबियासाठी ताण देतात. पाणी तोडलं की पानं मलूल होतात, काही गळतातही. मग सर्वांत कमी आकडा घेतला तर खऱ्या बागाच बाहेर पडतील ना?'

हे बरोबर होतं. आंबिया बहारासाठी झाडाला ताण देऊन मग पाणी सोडतात, फुलं जानेवारी-फेब्रुवारीत येतात. ताणाच्या त्या आठवड्यांत बागेचा हिरवेपणा घसरतो. आम्ही जानेवारी वगळला आणि नोव्हेंबर व मे अशा दोनच तारखा ठेवल्या: नोव्हेंबरात सोयाबीन निघून वावर मोकळं असतं किंवा हरभरा नुकता उगवत असतो, मेमध्ये भुईमूग हिरवा असला तरी तेच वावर नोव्हेंबरात उघडं दिसतं. दोन्ही वेळा हिरवी असते ती बाग. बाभूळ यातूनही सुटत नाही, कारण तीही बारमाही हिरवी. ती नाल्याची रेषा पाहून हाताने काढावी लागते.

पंधरा मिनिटांची भेट चांगली लांबली, आणि त्याचं कारण तिने सांगितलेला ताण. नवख्या माणसाला वाटतं की आपण फक्त घ्यायला आलो आहोत, द्यायला आपल्याकडे काय असणार. पण संत्र्याच्या घरात वाढलेल्या मुलीला बागेचं वर्षभराचं वेळापत्रक ठाऊक असतं, आणि नकाशा करणाऱ्या अनेकांना ते ठाऊक नसतं. ज्या विषयात आपलं घर, गाव, धंदा आपल्याला काही शिकवून गेला आहे, तिथूनच पहिला प्रश्न उचलावा. तिने पुण्याच्या वाहतुकीचा नकाशा केला असता, तर आमचं बोलणं सांगितलेल्या वेळेतच संपलं असतं.

भेटीनंतरचा मेल

माझ्या अनुभवात बहुतेक ओळखी इथे संपतात. माणूस भेटतो, आभार मानतो, आणि थेट काही महिन्यांनी 'मॅडम, काही ओपनिंग आहे का?' असा मेसेज येतो. मधल्या काळात सांगितलेल्याचं काय केलं, ते कळत नाही.

तिने पुढच्याच आठवड्यात कळवलं की दोन तारखांचा नकाशा झाला, त्याच ४० ठिकाणी आता ३६ बरोबर आहेत, आणि उरलेल्या चुकांपैकी एक अशी आहे की तिचं कारण समजत नाही. त्या मेलमध्ये काहीही मागितलेलं नव्हतं. मी तिला एवढंच लिहिलं, की ज्या ठिकाणांवरून नकाशा सुधारला त्याच ठिकाणांवर तो तपासणं बरोबर नाही, नवी ठिकाणं घे. तिने घेतली. नव्या ठिकाणी अचूकता थोडी कमी आली आणि तिने तीही तशीच कळवली. तेव्हा मी तिला एका संस्थेतल्या प्रकल्प सहायकाशी जोडून दिलं. माझं नाव घेऊन कुणी पुढे जातं तेव्हा माझीही पत असते. कमी आलेला आकडा न लपवणाऱ्या मुलीसाठी ती वापरायला मला अवघड वाटलं नाही.

पुढे ती भारतीय सुदूर संवेदन सोसायटीच्या नागपूर शाखेच्या कार्यक्रमांनाही जाऊ लागली. १२ ऑगस्टला, विक्रम साराभाईंच्या जन्मदिनी, रिमोट सेन्सिंग दिन पाळतात, त्या सुमारास व्याख्यानं होतात. अशा ठिकाणी व्याख्यात्याभोवती गर्दी असते. ती चहाच्या टेबलाशी त्याच्या प्रकल्पावरच्या तरुण मंडळींशी बोलायची, आणि तिथे तिला जास्त कळायचं.

एक जागा जिथून ती निघाली

सगळं सरळ झालं नाही. मधल्या काळात एका कार्यालयात 'शिकायला या' म्हणून तिला बसवलं गेलं. काम होतं जुन्या नकाशांवरच्या शेतांच्या सीमा संगणकावर गिरवण्याचं, बिनपगारी. गिरवणं वाईट नाही, या क्षेत्रात सगळेच तिथून सुरू होतात. पण दोन महिन्यांत तिचं काम कुणी तपासलं नाही, चुका दाखवल्या नाहीत, नकाशा कशासाठी आहे तेही सांगितलं नाही. मी तिला दोन गोष्टी विचारायला सांगितल्या: हे काम कोण तपासणार, आणि अहवालात माझं नाव येणार का? उत्तर आलं, 'आधी शिका, मग बघू.' ती त्या आठवड्यात निघाली. शिकवणारा माणूस चुका काढतो. चुका काढायलाही कुणाला वेळ नसेल, तर तिथे फुकट मजुरी चालू आहे असं समजावं.

मार्गदर्शकांना जे करता आलं नाही

ओळखी झाल्या तरी सरकारी प्रकल्पावरची जागा ओळखीवर मिळत नाही. जाहिरात संस्थेच्या संकेतस्थळावर लागते, ठरलेल्या दिवशी थेट मुलाखत होते. तिच्या ओळखीच्या प्रकल्प सहायकाने तिला हे सगळं नीट समजावलं, सराव मुलाखतही घेतली. पण पहिल्याच जाहिरातीत पात्रता एम. एस्सी. किंवा एम. टेक. अशी होती, एम. ए. भूगोल त्यात बसत नव्हतं. काम येत असूनही कागदपत्रांच्या तपासणीतच तिला परत पाठवलं. ही भिंत कुणाच्या शिफारशीने हलत नाही, आणि जो हलवतो म्हणतो त्याच्यापासून लांब राहावं.

नंतर तिला एका खासगी कंपनीकडे पीक पाहणीचं हंगामी काम मिळालं. मुलाखतीत तिने तोच गावचा नकाशा दाखवला आणि ताणाची गोष्ट सांगितली.

आता प्रश्न पुढच्या वर्षाचा आहे आणि त्यावर आम्हा दोघांची मतं जुळत नाहीत. प्रकल्प सहायक म्हणतो, पात्रतेची अडचण कायम राहणार, तेव्हा लगेच डेहराडूनच्या भारतीय सुदूर संवेदन संस्थेचा पदव्युत्तर डिप्लोमा कर. माझं म्हणणं, आधी एक खरीप आणि एक रब्बी पूर्ण कर, मग जा. वावरात दोन्ही हंगाम पाहिलेल्याला तिथलं शिक्षण जास्त लागू पडतं. तिने आमची दोन्ही उत्तरं एकाच मेलमध्ये समोरासमोर मांडून आम्हा दोघांनाही पाठवली आणि कारणं विचारली. आम्ही दिली. तिने खरीप करायचं ठरवलं आहे, आणि रब्बीच्या आधी डिप्लोमाचा अर्ज भरणार आहे.